टीव्हीवरचं ॲप बंद पडतं आणि चाकही फिरतं: डेटा उडवू, नेट बघू की टीव्हीच रीसेट करू?

शंकेखोर

मंडळी, घरचा टीव्ही अँड्रॉइडवाला आहे, चार-पाच वर्षं जुना. त्यावरचं एक ओटीटी ॲप (नाव देत नाही, उगाच त्यांच्यावर वाद नको) हल्ली फार छळतंय. उघडलं की लोगो येतो, प्रोफाइल निवडतो, पडदा काळा होतो आणि क्षणात टीव्हीच्या होम स्क्रीनवर परत. कधी नशिबाने आत गेलंच तर सिनेमा लावल्यावर दर दोन मिनिटांनी चाक फिरत बसतं.

गंमत म्हणजे त्याच टीव्हीवर दुसरं एक ॲप व्यवस्थित चालतं. फोनवर हेच ॲप, हेच वायफाय, काही अडचण नाही. फोनवर स्पीड टेस्ट केली तर ९० एमबीपीएस येतात. `Clear cache` करून झालं, काडीचाही फरक नाही. आता फॅक्टरी रीसेट मारावं म्हणतो. त्याआधी काही बघण्यासारखं आहे का?

भटक्या

कॅशे एकदा साफ करून भागत नाही हो. मी रोज रात्री करतो, टीव्ही एकदम हलका राहतो. बफरिंग होतं ते कॅशे भरल्यामुळेच. आणि तरीही झालं तर नेटचा प्लॅन वाढवा, विषय संपला.

वायरवाला

शंकेखोर, रीसेट सध्या राहू द्या. तुमच्या एका तक्रारीत दोन आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. ॲप धाडकन बंद पडून होम स्क्रीनवर येणं याचा नेटच्या वेगाशी सहसा संबंध नसतो. नेट नसेल तर ॲप तसं सांगतं, चाक फिरवतं, पण मरत नाही. मरतं तेव्हा बहुधा त्याने जपून ठेवलेल्या माहितीत काहीतरी बिघडलेलं असतं, किंवा त्याला लिहायला जागा मिळत नसते, किंवा मेमरी पुरत नसते.

चाक फिरणं ही उलटी गोष्ट. तिथे कॅशे-डेटाशी खेळून जवळजवळ काहीच मिळत नाही. बघत असलेल्या व्हिडिओचा पुढचा तुकडा मेमरीत येऊन बसतो आणि वापरून फेकला जातो. `Clear cache` मध्ये दिसते ती बहुतेक पोस्टरची चित्रं वगैरे. भटक्या, रोज ती साफ केल्याने टीव्हीला तीच चित्रं दुसऱ्या दिवशी नव्याने उतरवावी लागतात, एवढंच होतं.

आता मला दोन आकडे द्या.

पहिला: सेटिंग्जमध्ये `Storage` उघडा (काही टीव्हीत `System` खाली असतं, जुन्यांत `Device Preferences` खाली) आणि किती जागा मोकळी आहे ते सांगा. मग `Apps` मध्ये जाऊन त्या ॲपच्या पानावर `Clear data` आणि `Clear cache` यांच्यासमोर काय आकडे आहेत ते बघा.

दुसरा: टीव्हीवरच यूट्यूब लावा, एखादा फोर-के व्हिडिओ सुरू करा, प्लेअरच्या सेटिंग्जमधून `Stats for nerds` चालू करा. त्यात `Connection Speed` आणि `Buffer Health` अशा ओळी असतात. पाच मिनिटं बघत बसा.

भटक्या

@वायरवाला, रोज साफ केल्यावर माझा टीव्ही खरंच नीट चालतो. अनुभव आहे, पुस्तकी नाही.

वायरवाला

अनुभव खोटा म्हणत नाही. तुमच्या टीव्हीत जागाच कमी असेल तर कॅशे काढल्यावर थोडी जागा होते आणि ॲपं सुटसुटीत चालतात. पण तो जागेचा गुण झाला. बफरिंग कशाने थांबलं हे त्यातून कळत नाही. साफ करताना तुम्ही टीव्ही रीस्टार्टही करता का?

भटक्या

हो, प्लग काढतो. रात्रभर बंद.

वायरवाला

मग अर्धं श्रेय प्लगला द्या. रिमोटचं बटण दाबून टीव्ही झोपतो, बंद होत नाही. ॲपं आत तशीच पडून असतात. खरा रीस्टार्ट मेनूतल्या `Restart` ने होतो, किंवा प्लग काढून.

काकू_ऑनलाइन

आमच्याकडेही सेम! मी मेनू सगळा पालथा घातला, `Clear data` कुठे सापडतच नाही. आमचा टीव्ही वेबओएसवाला आहे. भाचा म्हणतो फोनवरून कॅशे साफ कर. फोनवरून टीव्हीची होते का? आणि आमच्याकडे ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर येतो, तेही यातच येतं का?

धूमकेतू

काकू, फोनवर साफ केली तर फोनचीच होईल, टीव्हीला त्याचा पत्ताही लागणार नाही. वेबओएसमध्ये प्रत्येक ॲपचा डेटा वेगळा उडवायचं बटण सहसा नसतंच. तिथे ॲप काढून टाकायचं, टीव्ही प्लगमधून बंद करून चालू करायचा आणि ॲप परत टाकायचं, हाच मार्ग. `Quick Start+` चालू असेल तर तेही बंद करून बघा, नाहीतर टीव्ही पूर्ण बंद होतच नाही. टायझेनवाल्या टीव्हीत ॲप्सच्या सेटिंग्जमध्ये `Reinstall` असा पर्याय मिळतो, काम तेच.

ओठ आणि आवाजाचं प्रकरण निराळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

काकू_ऑनलाइन

बरं. काढते. पण ॲप काढलं की पैसे भरलेलं जाईल ना?

धूमकेतू

नाही हो. वर्गणी तुमच्या खात्यावर असते, टीव्हीवर नाही. पुन्हा लॉगिन केलं की सगळं जागेवर.

शंकेखोर

आकडे आणलेत.

स्टोरेज: एकूण ४.६ जीबी दाखवतंय (खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं होतं, बाकीची गेली कुठे?). मोकळी १९० एमबी.

त्या ॲपच्या पानावर: `Clear data` समोर ६४० एमबी, `Clear cache` समोर १२ एमबी.

आणखी एक सापडलं. मुलांनी कधीतरी टाकलेला एक गेम, डेटासकट १.१ जीबी. कोणी खेळत नाही.

यूट्यूब: `Connection Speed` ४००० ते ७००० Kbps मध्ये नाचतोय. `Buffer Health` सुरुवातीला ८-९ सेकंद होता, हळूहळू उतरत शून्यावर आला आणि चाक फिरलं. म्हणजे यूट्यूबवरही होतंय की! एरवी कधी जाणवलं नव्हतं.

वायरवाला

छान, आता अंदाजाने बोलायची गरज नाही.

आधी जागा. ८ जीबीतली बाकीची टीव्हीची स्वतःची सिस्टिम घेते, ती तुमच्या वाट्याला येत नाही. अँड्रॉइडमध्ये मोकळी जागा पाच टक्क्यांच्या खाली गेली की सिस्टिम ‘जागा संपली’ असं धरून वागायला लागते. ४.६ जीबीचे पाच टक्के म्हणजे साधारण २३० एमबी. तुम्ही १९० वर आहात, रेषेच्या खाली.

अशा वेळी सिस्टिम जागा करण्यासाठी आधी कॅशेवरच हात मारते. म्हणून तुम्हाला तिथे १२ एमबीच दिसली आणि ती उडवून फरक पडला नाही. काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ॲपचं अपडेटही अशा जागेत अडतं, कारण नवीन आवृत्ती उतरवायला आणि मग बसवायला तिच्या आकाराहून बरीच जास्त जागा लागते. अपडेट अर्धवट राहिलं की ॲपवर परिणाम होतोच.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी तो गेम काढा. टीव्ही प्लगमधून बंद करून चालू करा. ॲप स्टोअरमध्ये जाऊन त्या ओटीटी ॲपचं अपडेट राहिलंय का बघा, असेल तर करा. आता ॲप उघडून बघा. तरीही प्रोफाइलवर मेलं तरच `Force stop` आणि मग `Clear data`. सगळं एकदम केलंत तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही.

बफरिंगचं पुढच्या प्रतिसादात, हे आधी होऊ द्या.

धूमकेतू

`Clear data` च्या आधी एक सूचना. ॲप नव्यासारखं होतं, म्हणजे लॉगिन जातं, त्या टीव्हीपुरत्या केलेल्या सेटिंग्ज जातात. पासवर्ड कोणाला आठवतोय आणि ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो ते आधी बघून ठेवा. आमच्याकडे खातं भावाच्या नंबरवर, भाऊ विमानात, आणि मंडळी टीव्हीसमोर बसलेली.

आणखी एक, लॉगिन पुन्हा केल्यावर काही ॲपांत ‘डिव्हाइसची मर्यादा संपली’ असं येतं, कारण जुनी नोंद खात्यात तशीच राहते. फोनवर खात्याच्या सेटिंग्जमधून जुना टीव्ही काढायचा. काय बघितलं, कुठवर बघितलं ही यादी मात्र बहुतेक ॲपांत खात्यावर असते, ती जात नाही.

मावळतीचा

मागच्या आठवड्यात मॅचच्या वेळी आमचंही चाक फिरत होतं. मी डेटा उडवला, ॲप काढून टाकलं, राउटर बदलायला निघालो होतो. मॅच संपल्यावर आपोआप ठीक. माझ्या मते सगळ्यांचं दुखणं कंपनीच्या सर्व्हरमध्येच असतं, आपण उगाच टीव्हीशी झटापट करतो.

तळटीप

@मावळतीचा, तुमच्या बाबतीत बरोबर असेल. थेट प्रक्षेपणात पुढचं काही साठवून ठेवताच येत नाही, कारण ते अजून घडलेलंच नसतं. काही सेकंदांचीच गंगाजळी, त्यामुळे थोडी गडबड झाली तरी चाक दिसतं. त्यात सगळे एकाच वेळी बघणार. पण शंकेखोरांचं सिनेमातही होतंय आणि यूट्यूबवरही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर एकाच वेळी त्यांच्याच घरावर रुसले असं होणार नाही.

शंकेखोर

सांगितलं त्या क्रमाने केलं. गेम काढला, प्लग काढून लावला. अपडेट खरंच अडकलेलं होतं, आता झालं. तरी प्रोफाइल निवडल्यावर ॲप पुन्हा बाहेर! मग `Force stop`, `Clear data`, लॉगिन (कोड टीव्हीवर येतो, फोनवर टाकायचा). आणि उघडलं! लागोपाठ उघड-बंद करून बघितलं, पडलं नाही. मोकळी जागा आता १.९ जीबी.

चाक मात्र आहे तिथेच.

वायरवाला

तर मग ॲपने जपलेली माहितीच बिघडलेली होती. जागा संपलेली असताना लिहिताना अर्धवट राहिली असणं शक्य आहे, सिद्ध करता येणार नाही. जागा नसती केली तर डेटा उडवूनही हे काही दिवसांत परत झालं असतं असं मला वाटतं.

आता चाक. `Buffer Health` म्हणजे पुढच्या किती सेकंदांचा व्हिडिओ टीव्हीकडे येऊन पडलाय. तो उतरत शून्यावर गेला आणि मग चित्र थांबलं, तर माल येत नाहीये, म्हणजे रस्त्यात घोळ. तो वीस-तीस सेकंदांवर निवांत असताना चित्र अडखळत असेल तर माल आलाय, पण टीव्हीला तो उलगडता येत नाही. मग त्याच पाटीवर `dropped` चा आकडा चढत जातो आणि नेटचा प्लॅन कितीही वाढवला तरी उपयोग नाही. तुमचा पहिला प्रकार.

४००० Kbps म्हणजे ४ एमबीपीएस. नेटफ्लिक्सच्या मदत पानावर फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगितलेत. तुम्ही फोर-केच्या जवळपासही नाही. ‘दुसरं ॲप नीट चालतं’ याचंही उत्तर बहुधा यातच आहे. ते गुपचूप चित्राचा दर्जा खाली आणत असणार, म्हणून चाक फिरत नाही. जवळ जाऊन बघा, चित्र जरा मऊ दिसेल.

फोनवरचे ९० एमबीपीएस विसरा. ते फोनचे. टीव्हीचा अँटेना त्याच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून असतो. स्पीड टेस्ट करायची तर टीव्हीवरच, त्याच जागी. राउटर कुठे आहे? टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर? टीव्हीला ब्लूटूथवर काही जोडलंय का?

भटक्या

५ वर टाका, काम तमाम. ५ नेहमीच फास्ट.

शंकेखोर

राउटर शेजारच्या खोलीच्या पलीकडे, मध्ये दोन भिंती. दोन्हींना एकच नाव आहे, टीव्ही कुठल्यावर आहे ते राउटरच्या पानावर बघितलं: २.४. ब्लूटूथवर साउंडबार आहे, कायम जोडलेला. त्याचा काय संबंध?

वायरवाला

बराच. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलतं आणि टीव्हीत बहुतेक वेळा वायफाय व ब्लूटूथ एकाच चिपवर असतात. साउंडबारला आवाज सतत पाठवायचा असतो, रिमोटसारखा अधूनमधून नाही. मग दोघं आळीपाळीने हवा वापरतात आणि वायफायच्या वाट्याला कमी येते. स्पीड टेस्ट करताना साउंडबार गप्प असेल तर आकडा चांगला येतो आणि सिनेमा लागला की कोसळतो, असा चकवाही यात असतो.

साउंडबार काढून (फक्त बंद नव्हे, टीव्हीच्या मेनूतून ब्लूटूथ तोडून) तोच व्हिडिओ पुन्हा लावा.

@भटक्या, ५ वर ब्लूटूथचा हा त्रास टळतो हे खरं. पण ५ भिंतीतून लवकर दमतं. दोन भिंतींपलीकडे ते २.४ पेक्षा वाईट निघू शकतं. करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

शंकेखोर

बाप रे. साउंडबार तोडल्याबरोबर `Connection Speed` ३०००० च्या वर. `Buffer Health` चढत जाऊन चाळिशीत स्थिर. चाक नाही. पुन्हा जोडला, पाच मिनिटांत परत घसरण. मी कित्येक दिवस नेटवाल्यांशी भांडत होतो.

५ चं नाव राउटरवर वेगळं करून तेही बघितलं. वेग चांगला येतो, पण मधली दारं बंद केली की मध्येच टीव्ही वायफाय सोडतो. भटक्या, तुमचा सल्ला अर्धा लागू पडला.

तळटीप

साउंडबारला एचडीएमआय असेल तर टीव्हीच्या `ARC` लिहिलेल्या पोर्टला केबलने जोडा. ब्लूटूथची गरजच संपेल. (काकू, ओठांचा घोळही बरेचदा ब्लूटूथमुळेच असतो, तुमच्या नव्या धाग्यात विचारतोच.)

मावळतीचा

मी टीव्हीला सरळ लॅन केबल लावली. पण २०० चा प्लॅन असून टीव्हीवर ९४ च येतात. केबल खराब?

वायरवाला

केबल ठीक असावी. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, त्यातून हातात एवढेच येतात. फोर-केला १५ पुरतात, तेव्हा ९४ न डगमगता मिळत असतील तर वायफायच्या नाचणाऱ्या २०० पेक्षा ते बरे. पोर्टच्या बाहेरचं काही बदलून हा आकडा वाढणार नाही.

उनाड

माझ्याकडे वेगळंच. वीज गेली-आली की सगळी ॲपं ‘नेटवर्क एरर’ देतात, वायफाय मात्र जोडलेलं दाखवतं. डेटा उडवू का?

धूमकेतू

अजिबात नको. टीव्हीची तारीख-वेळ बघा. ती चुकली असेल तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं टीव्हीला मुदतीबाहेरची वाटतात आणि ॲपं जोडणी नाकारतात. वेळ नेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा.

उनाड

तारीख खरोखरच काही वर्षं मागची होती. ‘आपोआप’ बंद होतं, चालू केलं. झालं!

शंकेखोर

शेवटचं अपडेट. साउंडबार एआरसीवर आणला, टीव्ही २.४ वरच ठेवला. चाक गेलं. ॲपही रोज उघडतंय. एकच गोष्ट उरली: टीव्ही रात्रभर झोपवून सकाळी चालू केला आणि सरळ ॲपमध्ये गेलो, तर कधीकधी पहिल्यांदा पुन्हा बाहेर फेकतं. दुसऱ्यांदा उघडतं. जागा अजून १.८ जीबी आहे.

वायरवाला

हे मला मेमरीचं वाटतं. टीव्ही जागा झाला की बाकीची ॲपं एकदम धावायला लागतात, आणि एक-दीड जीबी रॅममध्ये सिस्टिम त्यातल्या कोणालातरी हाकलते. सकाळी चालू केल्यावर दोन मिनिटं थांबून ॲप उघडा. तसं केल्यावर पडत नसेल तर माझं म्हणणं बरोबर.

तळटीप

मला नाही पटत. रॅमच असती तर संध्याकाळीही पडलं असतं. मला ॲपच्या नव्या आवृत्तीवर संशय आहे, झोपेतून उठल्यावर जुनी जोडणी धरून बसत असेल. ॲप टीव्हीसोबतच आलेलं असेल तर त्याच्या पानावर `Uninstall updates` असतं, ते करून जुन्या आवृत्तीवर बघता येईल. मात्र ती फार जुनी निघाली तर ॲप उघडल्या उघडल्या पुन्हा अपडेटच मागेल.

शंकेखोर

ॲप टीव्हीसोबतच आलेलं आहे. आधी दोन मिनिटं थांबून बघतो, त्यात काही मोडत नाही. `Uninstall updates` नंतर. रीसेट मात्र रद्द.

भटक्या

मीही काल प्लग तेवढा काढला, कॅशे साफ केली नाही. अजून तरी चालतोय. बघू.